विश्लेषण : घर सासूसासऱ्यांच्या नावावर, मग सुनेला राहण्याचा हक्क कुठून येतो?

‘हे घर माझ्या नावावर आहे, तुझ्या नवऱ्याच्या नाही. तू निघ,’ हे वाक्य ऐकलेल्या अनेक सुना पिशवी उचलून माहेरी जातात. घर ज्याच्या नावावर, त्याचा शब्द अखेरचा, असेच सगळे धरून चालतात. कायदा मात्र तसे धरत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्यातील ‘सामायिक घर’, म्हणजे शेअर्ड हाउसहोल्ड, या संकल्पनेमुळे घराचा मालक कोण आणि त्या घरात राहण्याचा हक्क कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे झाले आहेत. हा हक्क नेमका किती, तो कुठे थांबतो आणि नंदुरबार तालुक्यातील धानोऱ्यासारख्या गावात तो मिळवायचा कसा, याचा हा आढावा.

कायदा नेमके काय म्हणतो?

या कायद्याच्या कलम १७ मध्ये दोन साध्या गोष्टी आहेत. पहिली, कौटुंबिक नात्यात असलेल्या प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरात तिची मालकी, वाटा किंवा हितसंबंध असो वा नसो. दुसरी, कायद्याने ठरवून दिलेल्या मार्गाखेरीज तिला त्या घरातून किंवा घराच्या कोणत्याही भागातून बाहेर काढता येणार नाही.

यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, आणि तोच नेहमी चुकीचा समजला जातो. कायदा सुनेला घर देत नाही. उताऱ्यावर तिचे नाव चढत नाही, तिला घर विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, वारसाहक्काने मुलांना देता येत नाही. कायदा तिला एवढेच देतो की तिला हात धरून, सामान बाहेर टाकून किंवा कुलूप बदलून काढता येणार नाही. काढायचेच असेल तर न्यायालयात जाऊन, तिचे म्हणणे मांडू देऊन आणि आदेश मिळवूनच काढावे लागेल.

मग कोणते घर ‘सामायिक’? कलम २ (एस) प्रमाणे, ज्या घरात ती कौटुंबिक नात्यात राहते किंवा पूर्वी कधी राहिली आहे ते घर. ते नवरा-बायकोच्या मालकीचे असो, भाड्याचे असो किंवा नवरा ज्या एकत्र कुटुंबाचा सदस्य आहे त्या कुटुंबाचे असो. वाचायला ही व्याख्या सरळ वाटते. पण तिच्या अर्थावरून न्यायालयांत चौदा वर्षे वाद चालला.

चौदा वर्षे वाद कशावरून चालला?

कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच १५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बत्रा खटल्याचा निकाल दिला. दिल्लीच्या अशोक विहारमधील ते घर सासूच्या नावावर होते. न्यायालयाने व्याख्येचा अर्थ आवळून घेतला. नवऱ्याच्या मालकीचे, त्याने भाड्याने घेतलेले किंवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे घर एवढेच सामायिक घर, असे ठरले. सासूची स्वतंत्र मालमत्ता त्यात बसेना. त्यामागे न्यायालयाला एक व्यावहारिक भीतीही होती. नवराबायको कधी काळी मामाकडे, काकाकडे, मेहुण्याकडे राहिले म्हणून ती सगळी घरे सामायिक ठरली तर गोंधळ माजेल, असे निकालात म्हटले आहे.

या निकालाचा फटका महाराष्ट्रात कसा बसला, हे अमरावतीच्या एका खटल्यातून दिसते. जानेवारी २००५ मध्ये लग्न झालेली ही महिला नवरा, विधवा सासू आणि नणंदेसह अमरावतीत राहत होती. मारहाणीच्या तक्रारीनंतर प्रकरण २००७ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गेले. अंतिम निकालापर्यंत तिला त्या घरातून काढू नये, असा मनाई आदेश दंडाधिकाऱ्यांनी दिला. पण प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात पोहोचल्यावर चित्र उलटले. घर एकट्या सासूच्या मालकीचे आहे, म्हणून ते सामायिक घर नाही आणि सुनेने ते रिकामे करावे, असे मार्च २०१० मध्ये ठरले. शिवाय सासू आणि नणंद या स्त्रिया असल्याने त्यांच्याविरुद्ध या कायद्याखाली अर्जच चालत नाही, असेही म्हटले गेले.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०११ रोजी ही भूमिका रद्द केली. नवऱ्याच्या ‘नातेवाईक’ या शब्दात स्त्री नातेवाईकही येतात, त्यामुळे सासू आणि नणंदेविरुद्धही अर्ज चालवा, असा आदेश झाला. पुढे २०१६ मध्ये मुंबईच्या एका कुटुंबातून आलेल्या हरसोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्दच व्याख्येतून काढून टाकले. पण सासूच्या मालकीच्या घराचे काय, या मूळ प्रश्नाचे उत्तर त्या निकालांत सविस्तर आले नव्हते. बत्रा निकाल तसाच उभा होता, आणि तालुका न्यायालयात सासरच्या वकिलाला त्याचे नाव घेतले की पुरत असे.

२०२० मध्ये काय बदलले?

१५ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. अशोक भूषण, न्या. आर. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शहा यांच्या पीठाने आहुजा खटल्यात निकाल दिला. सासऱ्यांनी दिल्लीत १९८३ मध्ये स्वतः खरेदी केलेले घर होते. सून १९९५ मध्ये लग्न होऊन आली आणि त्या घराच्या पहिल्या मजल्यावर राहत होती. २०१४ मध्ये नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला, २०१५ मध्ये तिने हिंसाचाराची तक्रार केली. दंडाधिकाऱ्यांनी अंतरिम आदेश देऊन तिला बेदखल करण्यास आणि घर विकण्यास मनाई केली. मग सासऱ्यांनी दिवाणी दावा लावला. घर माझे, मुलाचा त्यात हक्क नाही, सबब सुनेने निघावे, हे त्यांचे म्हणणे. दिवाणी न्यायालयाने फारसा पुरावा न घेता, घर सासऱ्यांचे असल्याचे सुनेला मान्य आहे एवढ्यावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला.

बत्रा निकालातील व्याख्येचा अर्थ चुकीचा होता, असे या निकालाने स्पष्ट म्हटले. नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचे घर असले तरी, त्या घरात सून कौटुंबिक नात्याने राहिली असेल, तर ते सामायिक घर ठरू शकते. मामा-काकांच्या घरांच्या जुन्या भीतीलाही निकालात उत्तर आहे. राहण्यात काही कायमपणा हवा. पाहुणी म्हणून चार दिवस राहिले, दिवाळीला येऊन गेले, एवढ्याने घर सामायिक होत नाही. तिथे संसार मांडण्याचा हेतू होता का, हे पाहायचे.

हा निकाल ‘सुनेचा विजय’ म्हणून गाजला. पण त्याचा दुसरा अर्धा भाग बातम्यांत मागे पडला. राहण्याचा हा हक्क अबाधित नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. विशेषतः समोर वयोवृद्ध सासूसासरे असतील तेव्हा त्यांनाही मुला-सुनेच्या भांडणाची झळ न लागता शांतपणे जगण्याचा हक्क आहे. दंडाधिकारी असोत की दिवाणी न्यायाधीश, त्यांनी दोन्ही बाजूंचे हक्क तोलून आदेश द्यायचा आहे. म्हणजे सुनेला संरक्षण आहे, पण ते याच चार भिंतींत मिळेल याची हमी नाही. नवऱ्याने त्याच दर्जाचे दुसरे घर द्यावे किंवा भाडे भरावे, असाही आदेश होऊ शकतो.

धानोऱ्यातील एका घराचे उदाहरण

हे सगळे निकाल शहरांतले, मजल्यांच्या घरांचे. गावात हा कायदा कसा चालतो, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, धानोऱ्यात गावठाणात एक घर आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे गावात ज्याला घरठाण उतारा म्हणतात त्यावर, सासऱ्यांचे नाव आहे. सून सात वर्षांपूर्वी लग्न होऊन आली, दोन मुले आहेत. नवरा सुरतेला कामाला आहे, आता तिथेच राहतो, पैसे पाठवणे बंद झाले आहे. एके दिवशी ती मुलांना घेऊन माहेरी गेली आणि परतली तेव्हा दाराला नवे कुलूप. सासू म्हणाली, ‘ज्याच्याशी लगीन केलं त्याच्याकडे जा. घर आमचं आहे.’

पहिला प्रश्न, यात हिंसाचार कुठे आहे? मारहाण झालेली नाही. पण कायद्याच्या कलम ३ मध्ये आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आहे, आणि स्त्रीला ज्या सामायिक घराचा वापर करण्याचा हक्क आहे ते तिला वापरू न देणे याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. नवऱ्याने खर्चाला पैसे न देणे हेही त्यातच येते. म्हणजे दाराला लागलेले कुलूप हाच तक्रारीचा आधार होऊ शकतो. हे माहीत नसल्याने ‘मारलं नाही ना, मग काय तक्रार’ असे सांगून अनेकींना पोलीस ठाण्यातून परत पाठवले जाते.

दुसरा प्रश्न, ती आता घरात राहत नाही, मग हक्क संपला का? नाही. व्याख्येतच ‘पूर्वी कधी राहिली असेल’ असे शब्द आहेत. १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी खटल्यात हे आणखी स्पष्ट केले. त्या प्रकरणातील स्त्रीचा नवरा लग्नानंतर महिन्याभरात अपघातात गेला होता आणि पुढे तिला सासर सोडावे लागले होते. अर्ज करताना ती सासरच्या घरात प्रत्यक्ष राहत असलीच पाहिजे असे नाही, असे न्यायालयाने ठरवले. गावाकडे विधवा सुनेला ‘आता तुझं इथे काय’ म्हणून माहेरी धाडतात, त्या प्रत्येक घराला हा निकाल लागू पडतो.

तिसरा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यासाठी खास आहे. इथली बहुसंख्य लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा केंद्र सरकारच्या वेगळ्या अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही, तिथे वारशाचा प्रश्न जमातीच्या रूढीवर सुटतो. त्यामुळे भिल्ल, पावरा किंवा मावची कुटुंबातील सुनेला ‘आपल्यात बाईला हिस्सा नसतो’ हे ठामपणे ऐकवले जाते. पण कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा धर्म, जात, जमात पाहत नाही. आणि इथे हिस्सा मागितलाच जात नाही, राहण्याचा हक्क मागितला जातो. वारशाची रूढी काहीही असो, त्याने कलम १७ अडत नाही. लग्नाची नोंदणी झालेली नसणे हीदेखील मोठी अडचण नाही. रूढीप्रमाणे झालेल्या लग्नाचा पुरावा साक्षीदारांच्या तोंडी देता येतो, आणि लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही या कायद्याचे संरक्षण आहे.

अर्ज कुठे आणि कसा?

वाटा दोन आहेत. एक, तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे. हे अधिकारी महिला व बालविकास विभागाच्या यंत्रणेतले असतात. ते घटनेचा अहवाल ठरलेल्या नमुन्यात लिहून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात आणि अर्ज तयार करण्यास मदत करतात. दुसरी वाट म्हणजे थेट नंदुरबारच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात कलम १२ चा अर्ज दाखल करणे. संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल नसला तरी अर्ज अडत नाही, हेही प्रभा त्यागी निकालात स्पष्ट झाले आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. त्यासाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

माहेर गुजरातमध्ये, निझरकडे असेल तर? सीमेवरच्या या जिल्ह्यात हा प्रश्न रोजचा आहे. कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. म्हणजे माहेरच्या तालुक्यात अर्ज चालेल. तरी घर धानोऱ्यात असेल आणि आदेशाची अंमलबजावणी नंदुरबार पोलिसांनी करायची असेल, तर नंदुरबारचेच न्यायालय सोयीचे. आदेश एका राज्यात आणि कुलूप दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती आली की तारखा वाढतात.

अर्जासोबत कुलूप काढून घरात प्रवेश मिळावा, यासाठी कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायचा असतो. त्यासाठी वेगळे प्रतिज्ञापत्र लागते. तातडी दिसली तर दंडाधिकारी समोरच्या बाजूला ऐकण्याआधीही एकतर्फी आदेश देऊ शकतात. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे आहे. प्रत्यक्षात अंतिम निकालाला किती वेळ लागतो हे न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्यांना ठाऊक आहे. म्हणूनच या प्रकरणांत सगळा भार अंतरिम अर्जावर असतो. तो नीट लिहिला गेला नाही, तर पुढची दोन-तीन वर्षे माहेरीच जातात.

‘ती इथे राहतच नव्हती’ याला उत्तर कोणते?

सासरकडून येणारा सर्वांत नेहमीचा बचाव हाच. आमचा मुलगा सुरतेला, सून त्याच्याबरोबर सुरतेला, इथे ती सणाला यायची. आहुजा निकालातील कायमपणाची अट इथे त्यांच्या बाजूने वापरली जाते. आणि ते खरे असेल तर बचाव बळकटही आहे. संसार सुरतेच्या भाड्याच्या खोलीतच झाला असेल, तर सामायिक घर मुख्यतः ती खोली.

म्हणून घर कोणाचे, यापेक्षा ती तिथे कशी राहत होती याचा पुरावा जमवण्यात शहाणपण आहे. गावात तो असतो, फक्त तो पुरावा आहे हे लक्षात येत नाही. शिधापत्रिकेवर सासरच्या कुटुंबात तिचे नाव आहे का? गावच्या मतदार यादीत आहे का? रोजगार हमीचे जॉबकार्ड कुटुंबाच्या नावाने निघते, त्यात तिचे नाव आणि कामाच्या तारखा असतात. गॅसची जोडणी उज्ज्वला योजनेतून घेतली असेल तर ती बाईच्याच नावावर असते आणि पत्ता त्या घराचा असतो. अंगणवाडीच्या नोंदवहीत गरोदरपणाची, बाळाच्या वजनाची नोंद महिन्यामहिन्याची असते. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता असतो. यांपैकी तीन-चार कागद एकमेकांशी जुळले, तर ‘सणाला यायची’ हे म्हणणे टिकणे कठीण. उलट आधारकार्डावर अजून माहेरचाच पत्ता असणे, हे बऱ्याच प्रकरणांत सासरच्या वकिलाच्या हातातले पहिले पान असते. त्याने हक्क जात नाही, पण खुलासा करावा लागतो. आशा सेविका, पोलीस पाटील, शेजारी यांची साक्षही चालते, मात्र गावात राहून सासरच्यांविरुद्ध उभे राहायला शेजारी कचरतात. कागद कचरत नाही.

दुसरा बचाव फारकतीचा. ‘पंचात बसून काडीमोड झाला, दंडही ठरला, आता नातेच नाही.’ कौटुंबिक नाते संपले असेल तर कलम १७ चा आधार खरोखर कमजोर होतो, म्हणून हा बचाव हलक्यात घेण्यासारखा नाही. पण तशी रूढी जमातीत आहे, ती जुनी व सातत्याची आहे आणि ती पाळून फारकत झाली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते सांगणाऱ्यावर असते. पंचांसमोर कोऱ्या किंवा न वाचलेल्या स्टॅम्पपेपरवर अंगठा दिला असेल, तर ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगितलेली बरी.

न्यायालय कोणता आदेश देऊ शकते?

कलम १९ मध्ये आदेशांची यादी आहे. धानोऱ्याच्या उदाहरणात तिला बेदखल करू नये, घरात येण्यास अडवू नये, तिच्या व मुलांच्या वापरासाठी एक खोली आणि चूल मोकळी ठेवावी, असा आदेश होऊ शकतो. पोलिसांनी अंमलबजावणीत मदत करावी, असेही त्यात लिहून घेता येते. ते लिहून घेतलेच पाहिजे, नाहीतर आदेशाची प्रत हातात आणि कुलूप दाराला, अशी अवस्था होते.

एक मर्यादा कायद्यातच आहे. हिंसाचार करणाऱ्याला घराबाहेर जाण्याचा आदेश नवऱ्याला किंवा सासऱ्याला देता येतो, पण स्त्रीला देता येत नाही. सासूचा कितीही त्रास असला तरी ‘सासूने घर सोडावे’ असा आदेश या कलमाखाली होणार नाही. दोघींना एका छताखाली राहावे लागते किंवा सुनेसाठी वेगळी सोय पाहावी लागते. दोन खोल्यांच्या घरात यातून काय निष्पन्न होते, याचा अंदाज कोणीही करू शकेल. म्हणून अर्जात पर्यायी मागणी, म्हणजे नवऱ्याने वेगळे घर किंवा दरमहा भाडे द्यावे ही मागणी, सुरुवातीलाच लिहिलेली असावी. मात्र ती नवऱ्यावर अवलंबून आहे. सुरतेत तो कुठे काम करतो, किती कमावतो हे सांगता आले नाही, तर भाड्याचा आदेश कागदावरच राहतो.

घर दुसऱ्याच्या नावावर केले तर?

अर्ज दाखल झाल्याची नोटीस पोहोचताच सासऱ्यांनी धाकट्या मुलाच्या नावे बक्षीसपत्र केले, असे होते. ते रोखण्यासाठी कलम १९ मध्येच घर विकण्यास, देण्यास किंवा बोजा चढवण्यास मनाई मागता येते. घर नवऱ्याच्या नावावर असेल, तर त्याने त्यावरील हक्क सोडू नये असाही आदेश मागता येतो.

दुसरा आडमार्ग ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचा. त्याखालचे न्यायाधिकरण महाराष्ट्रात प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालते आणि तिथली पद्धत झटपट असते. सासूसासरे तिथे अर्ज करतात, मुलाविरुद्ध आणि त्याच्या बायकोविरुद्ध. मुलगा आधीच बाहेर राहत असतो, त्यामुळे आदेशाचा मार बसतो तो सुनेवर. बंगळूरूच्या एका प्रकरणात नवऱ्याने स्वतः २००२ मध्ये घेतलेली जागा आधी वडिलांच्या आणि मग आईच्या नावावर गेली, आणि मग आईवडिलांनी या कायद्याखाली सुनेला काढण्याचा आदेश मिळवला. १५ डिसेंबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने एस. वनिता खटल्यात तो आदेश रद्द केला. दोन्ही कायदे एकमेकांशी जुळवून वाचायचे आहेत, आणि झटपट पद्धतीचा आधार घेऊन स्त्रीचा राहण्याचा हक्क निकामी करता येणार नाही, असे त्यात ठरले. प्रांतांची नोटीस आली तर सुनेने तिथे हजर राहून कलम १२ चा अर्ज प्रलंबित असल्याचे किंवा आदेश झाल्याचे लेखी सांगावे लागते. गैरहजर राहिल्यास प्रांतांना ते कळण्याचा दुसरा मार्ग नसतो.

मग म्हाताऱ्या सासूसासऱ्यांनी करायचे काय? सुनेचाच त्रास असेल, तर त्यांना दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. हिंसाचाराच्या प्रकरणातील अंतरिम आदेश त्या दाव्याच्या आड येत नाही, हे आहुजा निकालात स्पष्ट आहे. मात्र त्या दाव्यात सुनेचा पुरावा ऐकावा लागतो आणि घर सामायिक आहे का, हे ठरवावे लागते. उताऱ्यावर नाव दाखवून पहिल्याच तारखेला हुकूमनामा मिळण्याचे दिवस मात्र गेले.

उतारा, घरकुल आणि शेती

गावात आणखी एक गोष्ट आधी तपासावी, आणि ती बहुतेक वेळा तपासलीच जात नाही. घर खरेच सासऱ्यांचे आहे का? नमुना ८ हा मुळात कर आकारणीचा दस्तऐवज आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. ड्रोनने गावठाणांची मोजणी करणाऱ्या स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत, तिथे भोगवटादार म्हणून कोणाचे नाव लागले हे पाहावे. घर घरकुल योजनेतून बांधले असेल तर मंजुरीचा कागद पाहावा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर पती-पत्नीच्या संयुक्त नावाने किंवा स्त्रीच्या नावाने देण्याचा नियम आहे. मंजुरी नवरा-बायकोच्या नावाची, जागा सासऱ्यांची आणि उतारा जुनाच, असा गुंता असू शकतो. तसे असेल तर तिची बाजू निव्वळ कलम १७ वर उभी राहत नाही, बरीच भक्कम होते.

आणि शेवटी शेतीचे. सासरच्या सातबाऱ्यावरील जमिनीत या कायद्याने सुनेला काही मिळत नाही. सामायिक ‘घर’ म्हणजे राहते घर. पाड्यावर शेतातच घर असेल, तर घर, त्याचे अंगण, पाणी भरण्याची वाट हे राहण्याच्या हक्कात मागता येईल, पण शेजारच्या दोन एकरांतील पिकावर हक्क सांगता येणार नाही. खर्चासाठी नवऱ्याकडून पोटगी मागण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे आणि ती त्याच अर्जात मागता येते. दंडाधिकाऱ्यांचा आदेश विरोधात गेला, तर कोणत्याही बाजूला ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. त्यापुढची वाट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते.